सावलीच्या मधोमध उजेड

इथे इंग्लंडमध्ये नोव्हेंबर संपत आला की दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो. मुलगी शाळेतून घरी येते तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. ती इयत्ता तिसरीत आहे आणि या सत्रात त्यांना विज्ञानात 'प्रकाश आणि सावली' हा धडा आहे. एका संध्याकाळी तिने वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, की प्रकाश सरळ रेषेत जातो, वाटेत आरपार न दिसणारी वस्तू आली की तिच्या मागे प्रकाश पोचत नाही आणि त्या जागेला सावली म्हणतात. मी सही केली आणि उगाच शहाणपणा केला.

"हे बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही हं. गोल वस्तूची सावली पडते ना, तिच्या अगदी मधोमध, जिथे सगळ्यात जास्त काळोख असायला हवा, तिथे उजेडाचा एक ठिपका असतो."

"कुठे? दाखव."

मी मोबाइलचा टॉर्च लावला, तिचा एक मणी दोऱ्याला टांगला आणि भिंतीवर सावली पाडली. गोल, काळी, कडेला जराशी पुसट सावली. मधे काही नाही.

"बाबा, तू थापा मारतोस."

खरं सांगायचं तर मी तो ठिपका आयुष्यात कधी पाहिला नव्हता. पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्सच्या पेपरात त्यावर चार-पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, तेवढीच ओळख. पुढे कॉम्प्युटरकडे वळलो आणि विवर्तन, व्यतिकरण हे शब्द त्या वहीबरोबर रद्दीत गेले. आता आठ वर्षांच्या मुलीसमोर माझी पत पणाला लागली होती, आणि पत राखायला पुरावा हवा होता.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी त्या ठिपक्यामागे घालवले. बायकोच्या मते त्या वेळात गॅरेज आवरून झालं असतं. पण त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की हा ठिपका पॅरिसच्या विद्वानांना इतका हास्यास्पद का वाटला होता, आणि आपल्या रोजच्या सावल्यांत तो का दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळल्याशिवाय पहिला नीट कळत नाही, असं माझं आता मत झालं आहे.

आधी पॅरिसची गोष्ट. 1817 मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस जाहीर केलं. विषय होता विवर्तन, म्हणजे अडथळ्याच्या कडेजवळून जाताना प्रकाश थोडासा वळतो आणि सावलीच्या काठाशी बारीक पट्टे दिसतात, त्याचा अभ्यास. तेव्हा न्यूटनच्या वजनामुळे बहुतेक सगळे कणवादी होते. प्रकाश म्हणजे दिव्यातून सुटणाऱ्या बारीक कणांचा मारा, आणि पदार्थाची कड त्या कणांना जरा ओढते किंवा ढकलते म्हणून ते वळतात, अशी समजूत होती. इंग्लंडमध्ये थॉमस यंगने तरंगांची बाजू मांडली होती, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नव्हती.

1818 मध्ये या स्पर्धेला ऑगस्टीन फ्रेनेलचा निबंध आला. फ्रेनेल प्राध्यापक नव्हता, रस्ते आणि पुलांच्या सरकारी खात्यातला इंजिनीअर होता. 1815 मध्ये नेपोलियन परत आला तेव्हा राजाची बाजू घेतल्यामुळे त्याची नोकरी काही काळ गेली होती, आणि त्या सक्तीच्या सुट्टीत आईच्या गावी बसून त्याने प्रकाशाचे प्रयोग सुरू केले. साधनं घरगुती. उन्हाचा एक अगदी बारीक बिंदू करायला त्याने मधाचा थेंब भिंग म्हणून वापरला. हा मधाचा थेंब लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

परीक्षकांत पाच जण होते: लाप्लास, बिओ, पॉयसन, गे-ल्युसाक आणि आरागो. पहिले तिघे कणवादाचे, आरागो तरंगांच्या बाजूचा, तर गे-ल्युसाक दोन्हीपासून अलिप्त. पॉयसन गणितात पक्का. त्याने फ्रेनेलची समीकरणं घेतली आणि फ्रेनेलने स्वतः न तपासलेल्या एका जागी लावून पाहिली: गोल चकतीच्या सावलीचा मध्य. उत्तर असं आलं, की तिथे चकती नसती तर जेवढा उजेड पडला असता, तेवढाच उजेड पडायला हवा.

आमच्या धंद्यात याला एज केस म्हणतात. कोड पाठवणाऱ्याने सगळ्या नेहमीच्या गोष्टी तपासलेल्या असतात, आणि मग एक खडूस रिव्ह्यूअर असं काही इनपुट देतो की प्रोग्रॅम उघडा पडावा. पॉयसनचा मुद्दा तोच होता. ज्या सिद्धांतातून भरीव चकतीच्या मागे लख्ख उजेड निघतो, त्यात कुठेतरी घोटाळा असणार.

आता त्याचं गणित खरंच असं का सांगतं, ते बघू. मी ते मुलीला कणकेच्या गोळ्याने आणि दोऱ्यांनी समजावलं, तुम्ही मनातल्या मनात करा.

एक गोल गोळी हवेत आहे. तिच्या एका बाजूला प्रकाशाचा बिंदू, दुसऱ्या बाजूला पडदा, आणि बिंदू, गोळीचा मध्य आणि सावलीचा मध्य हे तिन्ही एका रेषेत. गोळीच्या काठावर कुठलीही जागा घ्या, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रकाशाच्या बिंदूपासून त्या जागेपर्यंत एक दोरा, आणि तिथून सावलीच्या मध्यापर्यंत दुसरा. दोन्ही मिळून लांबी सगळीकडे सारखीच भरते. प्रकाश तरंग असेल, तर काठाला वळसा घालून आलेले सगळे तरंग मध्यावर एकाच ठेक्यात पोचतात. सगळ्यांचे उंचवटे एकाच वेळी, सगळ्यांचे खोलगे एकाच वेळी. ढोलपथकात सगळ्यांची टिपरी एकदम पडावी तसं.

मध्यापासून थोडं बाजूला सरकलं की हा सारखेपणा मोडतो. काठाची एक बाजू जवळ येते, समोरची लांब जाते. माझ्या मांडणीत गोळी 4 मिलिमीटर व्यासाची होती, पडदा तिच्यापासून 3 मीटरवर, आणि लाल लेझरची तरंगलांबी साधारण 650 नॅनोमीटर. मी दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहून काठावरच्या दोन हजार जागांवरून येणारे तरंग एकमेकांत मिळवले. मध्यावरची तीव्रता 100 धरली, तर 0.2 मिलिमीटर बाजूला ती 39 होते, आणि 0.37 मिलिमीटरवर जवळजवळ शून्य. त्या ठिकाणी काठाच्या जवळच्या आणि लांबच्या टोकांतला फरक फक्त 500 नॅनोमीटर असतो, पण तरंगांनी एकमेकांना खोडून काढायला तेवढा पुरतो. पुढे 0.6 मिलिमीटरवर पुन्हा 16 पर्यंत चढून एक फिकट कडं दिसायला हवं. म्हणजे शोधायचा होता तो ठिपका पाऊण मिलिमीटरचा, तोही 16 मिलिमीटरच्या सावलीत.

इथे एक शंका मला कॉलेजात आली नव्हती, आता आली. काठाजवळचे तरंग एका ठेक्यात येतात हे ठीक, पण काठापासून दूर, मोकळ्या हवेतून येणाऱ्या बाकीच्या सगळ्या प्रकाशाचं काय? आणि ठिपका नुसता अंधुक न राहता गोळी नसल्याइतका तेजस्वी कसा?

फ्रेनेलचं उत्तर सुंदर आहे. गोळीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेची मनातल्या मनात कडी पाडा, अशी की एका कड्यातून मध्यावर येणारा प्रकाश पुढच्या कड्यातल्या प्रकाशाच्या बरोबर उलट ठेक्यात येईल. माझ्या मांडणीत गोळीला लागून असलेलं पहिलं कडं फक्त 0.12 मिलिमीटर रुंद होतं. शेजारशेजारची कडी एकमेकांना खोडत जातात, आणि सगळ्याची बेरीज केली की शिल्लक राहतो तो पहिल्या कड्याच्या वाट्याचा साधारण अर्धा भाग. आता गोळी काढून टाका आणि हीच कडी अगदी मध्यापासून पाडा. पहिलं 'कडं' म्हणजे एक छोटं वर्तुळ, सुमारे 0.7 मिलिमीटर त्रिज्येचं. इथेही शिल्लक तीच: पहिल्याचा अर्धा. आणि गंमत अशी, की या सगळ्या कड्यांचं क्षेत्रफळ सारखं असतं. ते छोटं वर्तुळ असो की गोळीला लागून असलेलं बारीक कडं, दोन्ही दीड चौरस मिलिमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ सारखं म्हणून वाटा सारखा, आणि वाटा सारखा म्हणून उजेडही सारखा. गोळी असली काय, नसली काय, मध्याला पत्ताच लागत नाही.

कागदावर छान. पण भिंतीवर का दिसत नव्हतं?

पहिला गुन्हेगार मोबाइलचा टॉर्च. वरचा सगळा हिशोब प्रकाश एका बिंदूतून येतो असं धरून केलेला आहे. टॉर्चचा दिवा दोन-एक मिलिमीटर रुंद असतो, आणि त्याचा प्रत्येक भाग स्वतःची वेगळी सावली आणि स्वतःचा वेगळा ठिपका पाडतो. दिवा गोळीपासून 1 मीटरवर आणि पडदा पलीकडे 3 मीटरवर असेल, तर दिव्याची रुंदी पडद्यावर तिप्पट होऊन उतरते. म्हणजे पाऊण मिलिमीटरचा ठिपका सहा मिलिमीटरभर फासला जातो. मग काय दिसणार? सूर्याचं तर विचारूच नका. तो आकाशात अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे 3 मीटरवरच्या पडद्यावर प्रत्येक गोष्ट 26 मिलिमीटर पसरते. अंगणातल्या कुठल्याही सावलीत हा ठिपका आपल्याला कधी भेटत नाही, त्याचं मुख्य कारण हे. फ्रेनेलला उन्हातून मधाच्या थेंबाने बारीक बिंदू करावा लागला, तोही याच कारणाने.

माझ्याकडे मध होता, पण नोव्हेंबरातलं इंग्लंडचं ऊन नव्हतं. मी प्रेझेंटेशनचा लाल लेझर पॉइंटर घेतला, एक मिलिवॉटपेक्षा कमी क्षमतेचा. त्याच्यासमोर घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला अडकवतात ते भिंग ठेवलं. भिंगातून किरण पाच सेंटीमीटरवर एका बारीक बिंदूत येतो आणि तिथून पसरत जातो. भिंतीपर्यंत त्याचं थाळीएवढं वर्तुळ होतं. हा बारीक बिंदू म्हणजे माझा मधाचा थेंब. (कोणी करून बघणार असेल तर एवढंच, की फक्त कागदावर पडलेला उजेड बघायचा. किरणाच्या वाटेत डोळा आणायचा नाही, आणि जास्त ताकदीचे लेझर घरात वापरायचे नाहीत.)

दुसरा गुन्हेगार सापडायला जास्त वेळ लागला. सायकलच्या बेअरिंगमधली 4 मिलिमीटरची छर्र्याची गोळी मी फोटोफ्रेमच्या काचेवर फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवली आणि घरातल्या लांब पॅसेजमध्ये सगळं मांडलं. दिवे बंद. सावली दिसली, तिच्याभोवती बाहेरच्या बाजूला नाजूक लाल कडीही दिसली. हे विवर्तन, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत. पण मध्यात ठिपका नाही, नुसता मळकट लाल डाग, फुटल्यासारखा.

मी तासभर लेझर हलवत बसलो. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, सावली गोल कुठे आहे? बटाट्यासारखी आहे."

बरोबर होतं. गोंदाचा थेंब गोळीपेक्षा मोठा पडून वेडावाकडा वाळला होता, आणि त्याची कड गोळीच्या कडेबाहेर कुठे अर्धा, कुठे पाव मिलिमीटर आली होती. वर ते पहिलं कडं सांगितलं ना, 0.12 मिलिमीटर रुंदीचं? काठ जर त्याहून जास्त वर-खाली होत असेल, तर एका जागेवरून येणारा तरंग उंचवटा घेऊन येतो आणि शेजारच्या जागेवरून खोलगा. ठेका मोडला की ठिपका संपला. म्हणजे गोलाईची चूक त्या कड्याच्या रुंदीपेक्षा बरीच कमी असावी लागते. वस्तू जितकी मोठी तितकी ही अट कडक होत जाते. त्याच अंतरांवर 24 मिलिमीटरचं नाणं ठेवलं तर पहिलं कडं 0.02 मिलिमीटरचं उरतं, आणि खाचा असलेल्या कडेचं नाणं तिथेच नापास होतं. दोऱ्याला टांगलेला मणी का नापास झाला, तेही आता कळलं. भोकाशी त्याची कड तुटकी होती आणि वर दोरा होता.

दुसऱ्या शनिवारी काच स्वच्छ धुतली, कारण धुळीचा प्रत्येक कण स्वतःची कडी पाडतो आणि चित्र घाण करतो. या वेळी गोंद सुईच्या टोकावर घेऊन एवढासाच लावला, की तो पूर्ण गोळीच्या आड राहील. आरागोनेही हेच केलं होतं. त्याने 2 मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेला चिकटवली होती.

दिवे बंद केले. पडदा म्हणून पांढरा कागद भिंतीला लावला होता. डोळे अंधाराला सरावायला एक-दोन मिनिटं गेली, आणि मुलगी माझ्या आधी ओरडली. सावलीच्या बरोबर मधे, टाचणीच्या डोक्याहून लहान, लाल ठिपका. त्याच्याभोवती काळं कडं, त्याभोवती एक फिकट लाल कडं.

माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. गोळीत भोक आहे का? काचेवरून काही परावर्तन होतंय का? म्हणून तीन गोष्टी तपासल्या. काच थोडी बाजूला सरकवली, तर सावली सरकली आणि ठिपका सावलीच्या मधोमधच राहिला. कागद भिंतीवरून काढून गोळीकडे आणत गेलो, तर ठिपका प्रत्येक अंतरावर होता, फक्त अंतर कमी होईल तसा तो बारीक होत गेला. आरशासारख्या परावर्तनाने किंवा भिंगाने झालेला ठिपका असता तर तो असा दर अंतरावर मधोमध आणि रेखीव राहिला नसता. आणि काठावर सुईने गोंदाचा एक दाणा मुद्दाम लावला, तर ठिपका लगेच फिका आणि वेडावाकडा झाला. म्हणजे तो काठापासूनच येत होता, तेही संपूर्ण काठापासून.

आता मुख्य प्रश्न. ठिपका आहे हे खरं, पण म्हणून प्रकाश तरंगच, असं का म्हणायचं? कणवादी माणूस म्हणू शकतो, की काठ कणांना आत ओढतो, आणि सगळ्या बाजूंनी ओढलेले कण मधे जमा होतात. ही शंका मला रास्त वाटते, आणि नुसता ठिपका दाखवून ती पूर्ण मिटत नाही. ठिपक्याभोवतीचं काळं कडं तिला पहिला धक्का देतं. तिथेही काठाच्या सगळ्या बाजूंनी प्रकाश येत असतोच, आणि तरीही काळोख आहे. कणात कण मिळवून शून्य होत नाही.

पण याहून स्पष्ट तपासणी मोजमापाची आहे, आणि ती घरात करता येते. गोळीच्या अगदी लगत एक पुठ्ठा असा धरायचा, की त्याची सरळ कड गोळीच्या मध्यावरून जाईल आणि काठाचा बरोबर अर्धा भाग झाकला जाईल. कण मोजत असू तर अर्धे कण अडले, उजेड अर्धा व्हायला हवा. तरंग असतील तर वेगळं घडतं. मध्यावर तरंगाची उंची अर्धी होते, आणि उजेड उंचीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तो अर्धा नाही, पाव होतो. 50 की 25, एवढाच प्रश्न.

मोजायला मोबाइलचा कॅमेरा कागदाकडे रोखून तिकाटण्यावर ठेवला. इथे मी पुन्हा एकदा चुकलो. पहिल्या फेरीत 54 टक्के आले आणि मी क्षणभर कणवादी झालो. मग डोक्यात प्रकाश पडला. साध्या जेपेग फोटोत पिक्सेलचे आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात, डोळ्याला छान दिसावं म्हणून ते मुद्दाम वाकवलेले असतात. त्यात उजेड पाव झाला तरी आकडा साधारण अर्ध्याच्या आसपास राहतो. ज्या माणसाने कधीकाळी इमेज प्रोसेसिंगच्या टीममध्ये दोन वर्षं काढली, त्याने हे विसरावं! कॅमेऱ्यातली कच्ची, न वाकवलेली फाइल घेतली, एक्स्पोजर हाताने बांधून टाकलं, लेझर बंद करून खोलीचा उरलासुरला उजेड वजा केला आणि पुन्हा मोजलं. पाच फोटोंची सरासरी 28 टक्के आली. पुठ्ठ्याची कड अगदी मध्यावर धरणं कठीण आहे, म्हणून 25 नाही. पण 50 तर नक्कीच नाही.

त्या रात्री मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो होतो.

पॅरिसमध्ये आरागोने ठिपका पाहिला, आणि 1819 मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट अशी सांगितली जाते, की ठिपका दिसताच कणवाद एका फटक्यात संपला. तसं झालं नाही. परीक्षकांवर जास्त छाप पडली ती फ्रेनेलच्या कंटाळवाण्या मोजमापांची, पट्ट्यांची जागा त्याच्या सूत्राशी किती बारकाईने जुळते त्याची. बक्षीस दिलं म्हणजे तरंग मान्य केले असंही नव्हतं. बिओ पुढेही कणवादाची बाजू सोडायला तयार नव्हता. आणि ठिपका मुळात नवा नव्हताच. फ्रान्समध्येच दलील याने 1715 मध्ये आणि माराल्डी याने 1723 मध्ये तो पाहून नोंदवला होता. पण तेव्हा त्याला जागा देणारा सिद्धांत नव्हता, म्हणून नोंद तशीच पडून राहिली आणि पॉयसनच्याही लक्षात नव्हती. जे घडूच शकत नाही असं तो म्हणाला, ते शंभर वर्षांपूर्वीच घडून गेलं होतं. आज त्या ठिपक्याला लोक पॉयसनचा ठिपका म्हणतात, याची मला फार गंमत वाटते. आरागोचा ठिपका असंही म्हणतात, आणि ते जास्त न्याय्य आहे.

ठिपका काय सांगत नाही, हेही लिहायला हवं. तरंग उभे हेलकावतात की पुढे-मागे, हे त्यावरून कळत नाही. हिशोब दोन्हीकडे तोच राहतो. फ्रेनेल स्वतः त्या वेळी ध्वनीसारखे पुढे-मागे होणारे तरंग धरून चालला होता, आडव्या हेलकाव्यापर्यंत तो नंतर पोचला. कण हा शब्दही नंतर वेगळ्या अर्थाने परत आला. 2009 मध्ये तर ड्युटेरियमच्या रेणूंचा झोत गोल चकतीवर सोडून सावलीच्या मध्यात असाच ठिपका मिळवला गेला, म्हणजे ज्यांना आपण बिनदिक्कत कण म्हणतो तेही हेच करतात. फ्रेनेल हे बघायला नव्हता. क्षयाने तो 1827 मध्ये गेला, 39 वर्षांचा असताना. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा.

आणि हा ठिपका काही जणांना नकोसाही आहे. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह बघायचा, तर ताऱ्याचा झगमगाट झाकायला दुर्बिणीच्या पुढे, हजारो किलोमीटर दूर, अवकाशात एक पडदा तरंगत ठेवायची कल्पना आहे. तो पडदा साधा गोल केला, तर दुर्बीण ज्या सावलीत लपवायची तिच्याच मधोमध हा ठिपका येऊन बसेल. म्हणून त्याच्या आराखड्यात कडेला सूर्यफुलासारख्या पाकळ्या असतात. काठ मुद्दाम असा कापायचा, की मध्यावर तरंगांचा ठेका जुळूच नये. माझ्या गोंदाच्या थेंबाने जे गबाळेपणाने केलं, तेच हे लोक गणित करून करतात.

सोमवारी मुलीने वहीत धड्याखाली सावलीचं चित्र काढलं. काळा गोल, मधे लाल स्केचपेनने एक ठिपका. शाळेतून आल्यावर मी विचारलं, बाई काय म्हणाल्या.

"म्हणाल्या, हे चुकून लागलं का? मी म्हटलं नाही, ते असतंच. मग त्या म्हणाल्या, दाखव."

काच आणि गोळी मी बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे. लेझर मात्र मी स्वतः घेऊन जाणार आहे, आणि शाळेत चार मीटरचा अंधारा पॅसेज कुठे मिळेल याची चौकशी चालू आहे.